ग्रॅच्युइटीचे 60 लाख आणि परक्या कंपन्यांचा नफा

आमची कंपनी पुण्यात, हिंजवडीला. मूळ कंपनी जर्मनीत, यंत्रं बनवणारी. त्या यंत्रांच्या कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर आमचे 330 इंजिनिअर लिहितात आणि तपासतात. बाहेरचा एकही ग्राहक नाही. जो काही खर्च होईल त्यावर 12 टक्के मिळवून दर महिन्याला जर्मनीला बिल पाठवायचं, असा करार. मी तिथला फायनान्स मॅनेजर. करार इतका सरळ होता की यातून भांडण उभं राहील असं मला कधी वाटलं नव्हतं. ही गोष्ट 2015-16 या आर्थिक वर्षाची. तिचा शेवट व्हायला पुढची बरीच वर्षं गेली.

आयकर खात्याचा प्रश्न साधा असतो. बिल देणारा आणि घेणारा एकाच घरातले असल्यामुळे किंमत हवी तशी लावता येते. मग तुम्ही परके असता तर ही किंमत काय ठरली असती? त्या किमतीला आर्म्स लेंग्थ प्राइस म्हणतात. आमच्यासारखंच काम त्याच तासाच्या दराने दोन परक्यांमध्ये कुणी केलंय असं सापडलं असतं तर थेट दरच ताडून पाहता आला असता, पण तसे दर कुणी छापत नाही. म्हणून आमच्या धंद्यात सगळे टीएनएमएम वापरतात, म्हणजे ट्रान्झॅक्शनल नेट मार्जिन मेथड. तिच्यात दर बघायचे नाहीत, नफा बघायचा. आमच्यासारखंच काम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्यांना खर्चावर किती टक्के नफा सुटतो ते काढायचं आणि आपला त्यात बसतो का बघायचं.

सेफ हार्बरची सोय तेव्हाही होती, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान नफा दाखवला की खातं किंमत तशीच मान्य करतं. पण त्यासाठी सॉफ्टवेअर सेवेवर खर्चाच्या किमान 20 टक्के नफा दाखवावा लागायचा. जर्मनीने ते ऐकूनच नकारार्थी मान हलवली, त्यामुळे अभ्यास करणं आलं.

अभ्यास आमच्या सल्लागार सीए मॅडमच्या ऑफिसात झाला. प्रोवेस आणि कॅपिटालाइन या दोन डेटाबेसवर सॉफ्टवेअर सेवांच्या कंपन्या शोधल्या तर सहाशेच्या वर नावं आली. मग चाळण्या लावल्या. उत्पन्नाचा किमान 75 टक्के भाग सेवेतून हवा, निर्यात 75 टक्क्यांच्या वर हवी, पगाराचा खर्च उत्पन्नाच्या 25 टक्क्यांहून जास्त हवा. स्वतःच्याच समूहाशी 25 टक्क्यांहून जास्त व्यवहार असलेली कंपनी नको, कारण तिचा नफाही घरातल्या घरात ठरलेला असणार. इथवर संगणक काम करतो. उरलेल्या साठेक कंपन्यांचे वार्षिक अहवाल मात्र माणसाने बसून वाचावे लागतात. त्यातून सात राहिल्या. नियमाप्रमाणे प्रत्येकीच्या तीन वर्षांच्या नफ्याची बेरीज भागिले तीन वर्षांच्या खर्चाची बेरीज, असं भारित सरासरी मार्जिन काढलं. अभ्यास केला त्या नोव्हेंबरात काहींचे 2015-16 चे आकडे डेटाबेसवर यायचे होते, ते नंतर आल्यावर मार्जिन थोडं इकडेतिकडे झालं. खाली मी शेवटचेच आकडे देतो.

4.8, 7.1, 8.9, 11.6, 13.2, 15.9 आणि 21.5 टक्के.

पूर्वी अशा आकड्यांची नुसती सरासरी काढत. 2014-15 पासून, निदान सहा कंपन्या असतील तर, पट्टा काढतात. आकडे चढत्या क्रमाने लावायचे, 35 व्या पर्सेंटाइलपासून 65 व्या पर्सेंटाइलपर्यंतचा पट्टा आपला. सातचे 35 टक्के म्हणजे 2.45, पूर्ण आकडा नाही, म्हणून पुढचा, म्हणजे तिसरा. सातचे 65 टक्के 4.55, म्हणून पाचवा. पट्टा झाला 8.9 ते 13.2. आपला नफा आत असेल तर खातं किमतीला हात लावत नाही. बाहेर पडलात तर मात्र काठापर्यंत ओढून सोडत नाहीत, थेट मध्यकावर नेऊन बसवतात.

आमचा करार 12 टक्क्यांचा, म्हणजे निवांत आत. मी तसं म्हणालोही. मॅडमनी आमचा ताळेबंद पुढे ओढला आणि कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं घालवली.

"सर, तुमचे 12 नाहीयेत. 10.3 आहेत."

मला आधी खरं वाटेना. एकूण खर्च 40 कोटी, त्याच्यावर 12 टक्के म्हणजे 44 कोटी 80 लाखांचं बिल व्हायला हवं. बिलं होती 44 कोटी 13 लाखांची. फरक कुठून आला ते शोधायला मला एक दुपार लागली. मार्चचं बिल आम्ही 31 तारखेला पाठवून दिलं होतं. ॲक्च्युअरीचा, म्हणजे पुढे द्याव्या लागणाऱ्या रकमांचा आज हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल आला मेमध्ये. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेपोटी आणखी 60 लाखांची तरतूद करा असं त्यात होतं. ती तरतूद आम्ही 31 मार्चच्याच तारखेने खर्चात टाकली, ऑडिटरने टिक केलं आणि विषय संपला. खर्च 40 कोटी झाला, पण बिल झालं 39 कोटी 40 लाखांवरच. म्हणजे त्या 60 लाखांवर 12 टक्के सुटले नाहीतच, मूळ 60 लाखही जर्मनीकडे मागायचे राहिले.

तेव्हा पुस्तकं बंद झाली होती. 10.3 पट्ट्यात बसत होते, त्यामुळे आम्ही दोघांनी ते सोडून दिलं. फॉर्म 3सीईबी, म्हणजे या व्यवहारांचा सीएच्या सहीचा अहवाल, मुदतीत भरला. ही गोष्ट मी पुरती विसरून गेलो.

पुढे केस ट्रान्सफर प्रायसिंग ऑफिसरकडे, म्हणजे अशा घरातल्या व्यवहारांच्या किमती तपासणाऱ्या आयकर अधिकाऱ्याकडे गेली. सगळेजण त्यांना टीपीओ म्हणतात. माझा अनुभव सांगायचा तर साहेब सौजन्याने वागले, चहासुद्धा विचारला. पण सुनावणीत आमच्या कामाबद्दल, करारातल्या जोखमीबद्दल मी जे तयार करून नेलं होतं त्यातलं फारसं कुणी विचारलं नाही. त्यांनी स्वतःची नवी शोधयादी काढली होती आणि सगळं भांडण त्या यादीवर होतं. कारणे दाखवा नोटीस आली आणि उत्तराला दहा दिवस मिळाले. आमच्या सातांपैकी खालच्या दोन, म्हणजे 4.8 आणि 7.1 वाल्या, त्यांनी काढल्या होत्या. नव्या चार घातल्या होत्या: 19.4, 24.8, 28.3 आणि 33.7 टक्क्यांच्या.

आता नऊ कंपन्या. नऊचे 35 टक्के 3.15, म्हणून चौथी, 15.9. वरचा काठ सहावी, 21.5. आमचे 10.3 पट्ट्याच्या बरेच खाली, आणि मध्यक पाचवी, 19.4. आदेश आला ऑक्टोबर 2019 च्या शेवटी: 40 कोटींच्या खर्चावर 19.4 टक्के मिळवले की 47 कोटी 76 लाख, तुमचं बिल 44 कोटी 13 लाख, म्हणून 3 कोटी 63 लाखांची भर तुमच्या उत्पन्नात. त्यावरचा कर सुमारे 1 कोटी 20 लाख, वर व्याज. ज्या पैशांचं बिलच कधी झालं नाही त्यांच्यावर कर भरायचा, हे जर्मनीतल्या फायनान्स कंट्रोलरला फोनवर समजावताना माझा घाम निघाला.

ही भर धरून करनिर्धारण करणाऱ्या असेसिंग ऑफिसरचा मसुदा आदेश हाती आला की 30 दिवसांत डिस्प्यूट रिझोल्यूशन पॅनेलकडे हरकती द्यायच्या असतात. ते तीस दिवस मी लोकांचे वार्षिक अहवाल वाचत होतो.

33.7 टक्के वालीपासून सुरुवात केली. तिच्या नफातोटा पत्रकात उत्पन्नाची एकच ओळ होती, सॉफ्टवेअर सेवा. साहेबांनी तीच बघितली होती, आणि डेटाबेसवरही तेवढंच येतं. पण संचालकांच्या अहवालात कंपनीच्या तीन उत्पादनांची नावं होती. बँकांना विकलेली, नव्या आवृत्तीसकट. ताळेबंदात 'विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता' म्हणून एक घसघशीत रक्कम पडली होती. नुसती सेवा देणारी कंपनी स्वतःच्या ताळेबंदात असं काही बाळगत नाही, कारण तिने लिहिलेला कोड गिऱ्हाइकाचा असतो. आणि सेगमेंटच्या टिपेत एकच वाक्य: कंपनीचा व्यवसाय एकाच विभागात मोडतो. म्हणजे उत्पादनं किती आणि सेवा किती हे वेगळं काढायची सोयच नाही. उत्पादन एकदा तयार झालं की दहाव्या गिऱ्हाइकाला विकताना खर्च जवळजवळ नसतोच, तिथे 33 टक्के सुटले तर नवल नाही. आम्हाला मात्र दर तासाला एक माणूस बसवावा लागतो.

28.3 वालीने त्याच वर्षी दुसरी एक कंपनी स्वतःत विलीन करून घेतली होती. हे मला लेखाधोरणांच्या टिपेत, अगदी मागच्या पानांवर सापडलं. विलीनीकरणाच्या वर्षाचे आकडे मागच्या वर्षांशी जुळत नाहीत, नफ्यात कुणाचा किती वाटा ते कळत नाही.

काढून टाकलेली 7.1 वाली 'सतत तोट्यात' म्हणून बाद झाली होती. तिच्या तीन वर्षांपैकी तोटा एकाच वर्षी होता. हे दाखवायला तीन झेरॉक्स पुरल्या.

नुसतं 'हिचा नफा फार आहे, हिला काढा' असं म्हणून भागत नाही, हे मॅडमनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने क्रिसकॅपिटलच्या प्रकरणात 2015 मध्ये तेच सांगितलंय: नफा जास्त एवढ्यावरून कंपनी बाद होत नाही, पण तो इतका का आहे ते शोधायला लागा. माझ्या मते हे योग्यच आहे. नाहीतर आम्हीही 4.8 वाली ठेवायला कोणत्या तोंडाने सांगणार?

पॅनेलची सुनावणी व्हिडिओवर झाली, टाळेबंदीच्या काळात. 33.7 आणि 28.3 बाहेर गेल्या, 7.1 परत आत आली. मॅडमनी निर्देशांची प्रत पाठवली तेव्हा मी घरी होतो. वरच्या दोन्ही गेल्या म्हणजे जिंकलो, अशा समजुतीत मी मुलीच्या वहीचं पान फाडून आठ चिठ्ठ्या केल्या आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या.

7.1, 8.9, 11.6, 13.2, 15.9, 19.4, 21.5, 24.8.

आठचे 35 टक्के 2.8. म्हणून तिसरी चिठ्ठी. 11.6.

आमचे 10.3. अजूनही बाहेर.

मध्यकासाठी आठचे निम्मे चार, पूर्ण आकडा, म्हणून चौथी आणि पाचवीची सरासरी, 14.55. भर 3 कोटी 63 लाखांवरून 1 कोटी 69 लाखांवर आली होती, पण संपली नव्हती. आणि तिथेच मला ते 60 लाख आठवले. मेमध्ये अहवाल येईपर्यंत थांबून, किंवा अंदाजाने का होईना, ती तरतूद मार्चच्या बिलात घातली असती तर आमचं मार्जिन बरोबर 12 टक्के असतं. 11.6 च्या वर. पट्ट्याच्या आत. एक रुपयाची भर पडली नसती. जर्मनीकडे मागायचे होते 67 लाख, ते न मागितल्यामुळे खात्याने आता 1 कोटी 69 लाख उत्पन्न धरलं होतं.

मी चिठ्ठ्या हलवत बसलो. 24.8 काढली तर सात उरतात, तिसरी पुन्हा 11.6 च. काहीच फरक नाही. 24.8 तशीच ठेवून 4.8 परत घातली तर नऊ होतात, मग चौथी चिठ्ठी खालचा काठ होते, पुन्हा 11.6. एकेकट्याने काही होत नव्हतं. 24.8 बाहेर आणि 4.8 आत, दोन्ही एकदम झालं तरच आठांतली तिसरी 8.9 येत होती. सरासरीच्या काळात वरची एक उंच कंपनी काढली की सगळं खाली यायचं, त्यामुळे सगळी वकिली वरच्या टोकाला असायची. पट्ट्याच्या पद्धतीत 24.8 असो की 240, ती फक्त एक जागा अडवते. मोजायच्या असतात त्या जागा. रात्री साडेदहाला मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी नाही का चाललं असतं, सर?" पण अपिलात दोन्ही मुद्दे सारख्याच ताकदीने घालायचे हे तेव्हाच ठरलं.

अपील इन्कम टॅक्स अपिलेट ट्रिब्युनलच्या पुणे पीठापुढे. मागणीतला काही हिस्सा आधी भरला, तेव्हा उरलेल्याला स्थगिती मिळाली.

24.8 वालीची उलाढाल काही हजार कोटींची, आमची 44 कोटी. खात्याचं म्हणणं असं की सेवेच्या धंद्यात आकाराने नफ्याचं प्रमाण बदलत नाही, माणसं वाढली की खर्चही तेवढाच वाढतो. हा युक्तिवाद टाकाऊ नाही, पॅनेलला तो पटलाही होता. पण एवढी मोठी कंपनी नावावर काम मिळवते, दराची घासाघीस स्वतःच्या अटींवर करते, तोट्याचं कंत्राट पचवू शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या पीठाने 2015 मध्ये पेंटेअर वॉटर इंडियाच्या प्रकरणात अशा महाकाय कंपन्या लहान कंपनीशी ताडायच्या नाहीत असा निकाल दिलेला आहे, आणि पुण्याचं ट्रिब्युनल त्या न्यायालयाच्या हद्दीत येतं. या मुद्द्याला पंधरा मिनिटंही लागली नसतील.

4.8 वालीचं जड गेलं. तिचं आर्थिक वर्ष डिसेंबरला संपायचं. नियम म्हणतो, आकडे त्याच आर्थिक वर्षाचे हवेत, म्हणून साहेबांनी तिला एका ओळीत बाद केलं होतं. पण ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती, तिमाही निकाल जाहीर करायची. एप्रिल ते मार्चच्या चार तिमाह्या उचलून बेरीज केली की वर्ष जुळतं. आम्ही तीन वर्षांच्या बारा तिमाह्यांचा तक्ता करून दिला, प्रत्येक आकड्यापुढे जाहीर निकालाचं पान. खात्याच्या वकिलांनी बरोबर बोट ठेवलं: तिमाही निकालांवर पूर्ण ऑडिट नसतं, फक्त मर्यादित तपासणी असते. म्हणून आम्ही दुसरा तक्ताही ठेवला. त्यात डिसेंबर अखेरच्या ऑडिट झालेल्या वर्षाशी त्याच्या चार तिमाह्यांची बेरीज जुळवून दाखवली होती. फरक किरकोळ होता. पीठाने तो दुसरा तक्ता बराच वेळ पाहिला. मला वाटतं, केस तिथे फिरली.

निकालात दोन्ही मुद्दे मान्य झाले. 4.8, 7.1, 8.9, 11.6, 13.2, 15.9, 19.4, 21.5. तिसरी 8.9, सहावी 15.9. आमचे 10.3 आत, भर रद्द.

एक गोष्ट राहूनच गेली. जर्मनी आमच्या बिलाचे पैसे 30 दिवसांत देते, त्या स्वतंत्र कंपन्यांचे पैसे मात्र दोन-तीन महिने अडकलेले असतात. या उधारीचं व्याज त्यांच्या किमतीत, म्हणून नफ्यात दडलेलं असतं. ते वजा करून मगच तुलना करा, अशी मागणी आम्ही पहिल्यापासून करत होतो. टीपीओंनी आणि पॅनेलने ती पुरेसे तपशील नाहीत म्हणून नाकारली. ट्रिब्युनलने भर आधीच रद्द झाल्यामुळे हा प्रश्न केवळ तात्त्विक उरला म्हणून उघडा ठेवला. त्यावर मी आठवडाभर खपलो होतो. तक्ते अजून कपाटात आहेत.

आता दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी मी ॲक्च्युअरीला पगारांची यादी पाठवतो आणि अंदाजाचा आकडा मागून घेतो. तो मार्चच्या बिलात जातो. करारात एक कलम वाढवून घेतलंय: पुस्तकं बंद व्हायच्या आत, ऑडिट झालेल्या खर्चावर बरोबर मार्जिन येईल असं एक जुळवणीचं बिल काढायचं, कमी पडलं तर मागायचं, जास्त झालं तर परत द्यायचं. पहिल्या वर्षी कंट्रोलरने विचारलं होतं, पुण्यातल्या माणसांची ग्रॅच्युइटी आम्ही मार्चमध्येच का द्यायची, ते तर निवृत्त व्हायला वीस वर्षं आहेत. मी त्याला आठ चिठ्ठ्यांचा फोटो पाठवला, खाली आकड्यांची फोड लिहून. बिल त्याच दिवशी मंजूर झालं.